गोळीच्या पट्टीवरील तारखांच्या उलट्या क्रमाबाबत तक्रार

दिनांक : ४ जून २०२५
प्रति, गुणवत्ता विभागप्रमुख

विषय : रक्तदाबाच्या गोळ्यांच्या पट्टीवरील मुदतीची तारीख

आज तुमच्या ग्राहक सेवा केंद्राला तिसरा फोन केल्यानंतर हे पत्र लिहीत आहे.

माझ्या वडिलांच्या गोळ्यांच्या पट्टीवर उत्पादनापुढे २४/०६ आणि मुदतीपुढे २६/०५ असे ठसे आहेत. वडिलांनी ते '२६ मे' असे वाचले आणि औषध बाद झाले असे समजून दोन दिवस गोळी घेतलीच नाही. त्यांची चूक मी मानत नाही, कारण तुमच्याच कंपनीच्या दुसऱ्या औषधावर ०८/२०२६ असा सरळ, आधी महिना आणि मग पूर्ण वर्ष असा छाप आहे.

तुमचे प्रतिनिधी म्हणाले, "बरोबर आहे सर, २६ मे."
मी विचारले, "कोणत्या वर्षाचा?"
"यंदाचाच असणार."
"मग उत्पादन?"
"२४ जून."
"अहो, आज ४ जून आहे."
यावर थोडी शांतता पसरली आणि मग उत्तर आले, "सर, पट्टीवर जे आहे तेच मी सांगतोय."

म्हणजे ही गोळी तयार व्हायला अजून वीस दिवस आहेत, पण तिची मुदत संपून नऊ दिवस झाले. या शोधाबद्दल आपले अभिनंदन.

वास्तविक औषध नियमांनुसार मुदत महिना आणि वर्ष एवढीच छापायची असते आणि त्या महिन्याच्या अखेरच्या दिवसापर्यंत औषध वापरता येते, त्यामुळे तिथे '२६ तारीख' असण्याचा प्रश्नच नव्हता. आकडे वर्ष-महिना असे वाचले की जून २०२४ ते मे २०२६ असे बरोबर चोवीस महिने भरतात, म्हणजे ही गोळी ३१ मे २०२६ पर्यंत चालते. हा हिशेब मी घरी बसून केला. तो तुमच्या माणसाला यायला नको होता काय? त्याआधीच्या फोनवर तर एका बाईंनी बॅच क्रमांकातले सुरुवातीचे २४०६ वाचून "मुदत गेल्या वर्षीच संपली" असे सांगितले होते. बॅच क्रमांक ही तुमची स्वतःची खूण आहे, तो मुदतीची तारीख नव्हे, हे निदान तुमच्याच लोकांना माहीत असावे.

वर्षाचे दोनच आकडे आधी छापले की २०३१ पर्यंत ते महिन्यातल्या तारखेसारखेच दिसणार. महिना अक्षरांत आणि वर्ष चार आकड्यांत छापायला किती शाई लागते?

वडील वीस वर्षे तुमचीच गोळी घेत आहेत. आता डॉक्टरांना दुसऱ्या कंपनीची लिहून द्यायला सांगणार आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आले नाही, तर पट्टीच्या छायाचित्रासह अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करीन. आणि कृपया उत्तरावर दिनांक घालताना वर्ष पूर्ण लिहावे.

एक ग्राहक