सूचना : स्प्लिट एसीचे दोन्ही सीरियल नंबर बिलाशी ताडून घ्या

सर्व दुकानदार सभासदांना नमस्कार.

स्प्लिट एसीच्या आतल्या आणि बाहेरच्या युनिटचे सीरियल नंबर वेगळे असतात. बरेच जण बिलावर आतल्याचाच टाकतात, आणि कॉम्प्रेसर तर बाहेरच्यात असतो!

आमच्या बिलावर दोन्ही होते, तरी फसलो. एकाच दिवशी एकाच मॉडेलचे दोन एसी गेले, एक कोथरूडला, एक हडपसरला. टेम्पोत बाहेरच्या युनिटची खोकी अदलाबदल झाली. गारवा दोन्हीकडे नीट, त्यामुळे कुणाला पत्ता नाही. तिसऱ्या वर्षी कोथरूडचा कॉम्प्रेसर गेला, तेव्हा युनिटवरचा नंबर हडपसरच्या बिलात निघाला आणि वॉरंटीचा क्लेम अडकला. दोन्ही बिलं आणि दोन्ही घरच्या प्लेटांचे फोटो दिल्यावर सुटला.

म्हणून गोडाऊनमधून माल निघताना दोन्ही बारकोड स्कॅन करून त्या-त्या बिलाला जोडा. फिटिंगवाल्याकडून फोटो मागवा तो युनिटवरच्या प्लेटचा, खोक्याचा नको, आणि त्याच दिवशी बिलाशी ताडा. चूक तेव्हाच सापडली तर दुरुस्ती दोन मिनिटांची.

क्लेममध्ये युनिट बदलून आलं, तर नवा नंबर मूळ बिलाखालीच नोंदवा. वॉरंटी सहसा पहिल्या खरेदीपासूनच मोजली जाते.