पडताळणीचा कागद कुठल्या बोर्डाकडे गेला, ते आधी विचारा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

परदेशी कंपनीने नोकरी दिली, व्हिसाची तयारी झाली, आणि बोर्डाकडून मार्क्स कार्डाची पडताळणी येईना म्हणून सगळे थांबले, अशी तक्रार घेऊन आमच्या भागातली मुले वरचेवर भेटतात. मी खानापूर तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये कारकून होतो. निवृत्तीनंतरही माजी विद्यार्थी असले कागद घेऊन घरी येतात. बोर्ड उशीर करते, हा सर्वांचा ठाम समज. उशीर होतोही, पण मी पाहिलेल्या प्रकरणांत बराचसा वेळ बोर्डाच्या दारात पोहोचण्याआधीच गेलेला असतो. त्याचे कारण या सीमाभागातच आहे, म्हणून हे पत्र.

आमच्याकडे मूल दहावी इथे करते, म्हणजे कर्नाटकाची एसएसएलसी. पुढे कुणी पीयूसीला, म्हणजे कर्नाटकातल्या अकरावी-बारावीला, बेळगावात जातो, तर कुणी चंदगड किंवा गडहिंग्लजला बारावी करतो. ती बारावी महाराष्ट्र राज्य मंडळाच्या कोल्हापूर विभागाची. एकाच मुलाच्या हातात दोन राज्यांच्या दोन बोर्डांचे कागद येतात. गावात याचे कुणाला काही वाटत नाही. दूरच्या शहरात बसून पडताळणी करणाऱ्या एजन्सीला मात्र हे सांगितल्याशिवाय कळत नाही.

मुलांचा सर्वांत मोठा गोंधळ अटेस्टेशनवरून होतो. दुबईसाठी राज्य सरकार, परराष्ट्र मंत्रालय आणि वकिलात असे शिक्के मारून आणले की झाले, असे त्यांना वाटते. ते शिक्के कागदावरच्या आधीच्या सही-शिक्क्यांची साखळी पुढे नेतात. थेट पडताळणी वेगळी. त्यात कंपनी किंवा तिची एजन्सी मार्क्स कार्डाची प्रत आणि उमेदवाराचे सही केलेले संमतिपत्र बोर्डाला पाठवते व ठरलेले शुल्क भरते. बोर्डातला विभाग आपल्या दप्तराशी नंबर, परीक्षेचा महिना-वर्ष, नाव आणि विषयवार गुण ताडून पाहतो आणि उत्तर एजन्सीलाच धाडतो. उमेदवाराच्या हातून आलेले पत्र धरत नाहीत; फार तर बंद पाकिटातले, तोंडावर बोर्डाचा शिक्का असलेले चालते. शाळेने दिलेला दाखलाही उपयोगाचा नाही. मुले आधी आमच्याच शाळेत येतात आणि मुख्याध्यापकांना पत्र मागतात. ते पत्र कंपनी बाजूला ठेवते. डिजिलॉकरमधली प्रत काही कंपन्यांना पुरते, पण ‘बोर्डाचे उत्तरच हवे’ असे कळवले असेल तर तिथेही वाद घालण्यात अर्थ नाही.

गेल्या वर्षीचे एक प्रकरण सांगतो. आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी, दहावी इथली, बारावी चंदगडची. दुबईतल्या एका गोदामात स्टोअरकीपरची जागा मिळाली. कंपनीने नेमलेल्या एजन्सीच्या ऑनलाइन अर्जात बोर्डाचा रकाना एकच होता. शेवटची परीक्षा बारावीची म्हणून त्याने ‘महाराष्ट्र’ निवडले आणि दोन्ही प्रती जोडल्या. एजन्सीने दोन्ही कागद कोल्हापूरला पाठवले. बारावीचे उत्तर ‘बरोबर’ असे आले. दहावीचे अर्थातच ‘या क्रमांकाची नोंद आढळत नाही’ असे. एजन्सीने तेवढेच कंपनीला कळवले, आणि कंपनीच्या मनुष्यबळ विभागाने पोराला विचारले, तुझे दहावीचे मार्क्स कार्ड खरे आहे ना?

पोर रडवेले होऊन आले. मी त्याला म्हटले, एजन्सीकडून बोर्डाला गेलेल्या पत्राची प्रत मागव. प्रत आली. पाहतो तर पत्त्यात कोल्हापूर, आणि सोबत जोडलेल्या कार्डाच्या माथ्यावर कन्नड आणि इंग्रजीत कर्नाटकाचे नाव छापलेले. ते कुणी वाचलेच नव्हते. एजन्सीचे नाव लिहीत नाही. अशा एजन्सींत दिवसाला कागदांचे गठ्ठे येतात हे मलाही कळते. पण उत्तर ‘आढळत नाही’ असे येते तेव्हा तरी कार्डाचा माथा बघायला हवा होता.

नवे पत्र बेंगळूरला मल्लेश्वरमच्या कार्यालयाकडे गेले. इथे आणखी एक अडचण निघाली. महाराष्ट्राच्या मार्कशीटवर आडनाव आधी छापलेले असते, कर्नाटकाच्या कार्डावर मुलाचे नाव वेगळ्या क्रमाने आणि आई-वडिलांची नावे स्वतंत्र ओळींत. पासपोर्टवर तिसराच क्रम. अर्जात पासपोर्टप्रमाणे नाव लिहिले की ताडून पाहणारा थबकतो. म्हणून प्रत्येक कागदासाठी त्या कागदावर जसे आहे तसेच नाव लिहावे, आणि कार्डाचा छापील अनुक्रमांक न देता परीक्षेचा रजिस्टर नंबर द्यावा. हे दोन्ही दुरुस्त करून पाठवल्यावर महिन्याभराच्या थोडे पुढे उत्तर आले. कंपनीने रुजू होण्याची तारीख पुढे ढकलली, हे त्याचे नशीब.

वाट किती बघायची, तर माझ्या पाहण्यातला अंदाज असा: योग्य कार्यालयात पूर्ण कागद पोहोचल्यापासून तीन ते पाच आठवडे. जुन्या वर्षांचे निकाल संगणकावर नसून वह्यांत शोधावे लागतात, तेव्हा दोन महिनेही लागतात. हंगामाचाही फरक पडतो. कर्नाटकात एसएसएलसीच्या एका वर्षात एकाहून अधिक परीक्षा होतात, त्यामुळे मार्चपासून पावसाळ्यापर्यंत तिथले लोक निकालातच गुंतलेले असतात. महाराष्ट्रातही मे महिना निकालाचा. त्या दिवसांत पाठवलेला कागद मागे पडतो. शक्य असेल तर पडताळणी ऑक्टोबरनंतर सुरू करावी.

पीयूसीवाल्यांसाठी एक जादा सूचना. 2022 मध्ये कर्नाटकात दहावी आणि पीयूसी या दोन्ही परीक्षा एकाच शालेय परीक्षा व मूल्यनिर्णय मंडळाकडे आल्या. पूर्वी पीयूसीची परीक्षा पदवीपूर्व शिक्षण खाते घेत असे. एजन्सीकडे अजून त्या खात्याचाच जुना पत्ता असेल तर कागद तिथे जाऊन पडतो. तेव्हा आपले पत्र कुठल्या कार्यालयाला, कुठल्या तारखेला गेले आणि पोच मिळाली का, हे उमेदवाराने एजन्सीला लेखी विचारावे. टपालाचा ट्रॅकिंग नंबर किंवा ईमेलची प्रत द्यायला त्यांना काही जड जात नाही. मागितल्याशिवाय मात्र कुणी देत नाही.

एजन्सीच्या अहवालात ‘अनेबल टू व्हेरिफाय’ असा शेरा आला तर घाबरू नये. बोर्डाने कागद खोटा ठरवला, असा त्याचा अर्थ नाही. ठरलेल्या मुदतीत उत्तर मिळाले नाही, एवढेच. पण कंपनी तो शेरा वाईटच धरते, म्हणून मुदत संपायच्या आत कंपनीला पोच दाखवून मुदतवाढ मागावी आणि एजन्सीला पुन्हा पत्र पाठवायला लावावे. बेळगाव आणि निपाणीतले भरती करणारे एजंट मुलांकडून पैसे घेतात; त्यांनी निदान अर्ज भरताना दहावी कुठली आणि बारावी कुठली, हे दोन स्वतंत्र प्रश्न विचारावेत, एवढी विनंती आपल्या वर्तमानपत्रातून त्यांच्यापर्यंत पोहोचवावी.

आपला,
एक निवृत्त शाळा कारकून
ता. खानापूर, जि. बेळगाव