तुझ्या रिफाइनमेंटबद्दल

पुणे, रविवार

प्रिय मित्रा,

रिफाइनमेंटच्या, म्हणजे पुढची कामं आधी समजून घ्यायच्या बैठकीबद्दलचा तुझा परवाचा मेसेज वाचून आधी हसू आलं, मग कीव. यादीत अठरा तिकिटं, दीड तास बैठक, झाली चार, आणि उरलेला वेळ सगळे कॅमेरा बंद करून आपापलं काम करत बसलेले! दोन वर्षांपूर्वी आमच्याकडेही हेच चालायचं. आमचे जुने लोक अजून त्याला ग्रूमिंगच म्हणतात, आणि ते तोंड वाकडं करूनच.

आमच्या बॅकलॉगमध्ये, म्हणजे करायच्या कामांच्या यादीत, दोनशेच्या वर तिकिटं पडली आहेत. मी फक्त वरची, पुढच्या दोन स्प्रिंटना पुरतील एवढीच बघतो. त्याखालच्यांवर आज घासाघीस केली तर तीन महिन्यांनी ती सगळी पुन्हा करावी लागते, कारण तोवर डिझाइनही बदललेलं असतं आणि प्राधान्यही. मंगळवारी मी आणि प्रॉडक्ट ओनर वीस मिनिटं बसून पाच तिकिटं निवडतो, बुधवारी यादी टीमला पाठवतो, गुरुवारी एक तास बैठक.

ही पाच निवडताना स्वतःला एकच प्रश्न विचारतो: दोघांनी हे तिकीट वेगवेगळं वाचलं तर दोन वेगळ्या गोष्टी बनतील का? नसतील बनणार तर चर्चा कशाला? बटणावरचा मजकूर बदलायचा असेल, किंवा बग असेल आणि तो कसा घडवायचा हे पायरीपायरीने लिहिलेलं असेल, तर तिकिटावर दोन कमेंट पुरतात. डिझाइनच आलं नसेल तर ते तिकीट बैठकीत आणून आठ जणांनी कल्पना लढवण्यात अर्थ नाही, ते परत जातं.

आता गेल्या महिन्यातला एक किस्सा सांगतो. तिकीट एका ओळीचं होतं: ‘ग्राहकाला ऑर्डरमधली एखादी वस्तू रद्द करता यावी, पैसे परत मिळावेत.’ वाचून सगळ्यांनी माना डोलावल्या. काम केवढं मोठं वाटतं ते प्रत्येकाने पत्त्यावरच्या आकड्याने सांगायचं असतं; पत्ते उघडले तर तिघांचे ३, एकाचा १३. अशा वेळी सरासरी काढून पुढे जायचा मोह होतो. तो आवर. तेराच्या पत्त्यात काय दडलंय ते आधी ऐक.

तो म्हणाला, समजा ४०० च्या तीन वस्तू आहेत, एकूण १,२००. हजारावर २०० रुपये सूट देणारं कूपन लावलंय, म्हणजे ग्राहकाने भरले १,०००. आता एक वस्तू रद्द केली. उरल्या ८०० च्या, म्हणजे कूपनची अटच मोडली. सूट तिन्ही वस्तूंवर सारखी वाटली तर ३३३ रुपये ३३ पैसे परत. कूपनच रद्द धरलं तर उरलेल्या वस्तूंचे ८०० वळते करून फक्त २०० परत. कुठलं खरं?

यावर आमचे लोक वीस मिनिटं भांडू शकतात, आणि पूर्वी भांडलेही असते. पण हा निर्णय आमचा नाहीच, तो अकाउंट्सचा. प्रश्न ओळखायला चार मिनिटं लागली. मी तिकिटावर तो आकड्यांसकट लिहिला, प्रॉडक्ट ओनरने सोमवारपर्यंत उत्तर आणायचं कबूल केलं, विषय थांबला. लिहिताना आकडे घालच. ‘कूपनचं काय?’ एवढंच विचारलंस तर समोरून ‘नेहमीसारखं’ असं उत्तर येतं.

मग आम्ही तिकीट दोन तुकड्यांत केलं. अख्खी ऑर्डर रद्द केली तर १,००० सरळ परत, तिथे वाद नाही. फक्त आमच्या टेस्टरबाईंनी विचारलं, “ते कूपन ग्राहकाला पुन्हा वापरता येणार का?” ‘हो, मुदत संपली नसेल तर,’ असं तिथल्या तिथे ठरलं आणि ते लिहूनही टाकलं. हा तुकडा तयार झाला. दुसरा थांबला.

‘तयार’ म्हणजे काय, असं तू विचारलं होतंस. डेफिनिशन ऑफ रेडी स्क्रम गाइडमध्ये नाहीच, टीमने आपली आपण ठरवायची. आम्ही एकदा चौदा चौकोनांची यादी केली होती. लोक न वाचता टिक करत सुटले, आणि एखादा चौकोन रिकामा राहिला की कामाला हात न लावायला निमित्त मिळालं. आता बघतो ते इतकंच: काम झालं की नाही हे टेस्टर कशावरून ठरवणार ते लिहिलंय का, स्प्रिंटमध्ये मावतंय का, आणि उरलेला प्रश्न काम चालू असताना सुटेल असा आहे का. बटणाचा रंग नंतर ठरला तरी चालतो, ३३३ की २०० हे नाही.

अकाउंट्सकडून सोमवारी उत्तर आलं: सूट वाटून द्या, पैसे पूर्णांकात आणा. गुरुवारी ते तिकीट पाच मिनिटांत उरकलं, चारही पत्ते ५.

तुझ्या पुढच्या बैठकीची यादी पाठव. अठरातली कुठली पाच ठेवायची ते फोनवर बघू. आणि बैठक शुक्रवारी संध्याकाळची असेल तर ती आधी हलव, बाबा.

तुझाच,
पुण्याचा मित्र