निविदा का गेली, तेही कळवा

माननीय संपादक महोदय,
स.न.वि.वि.

शाळांना बाक पुरवण्याच्या सरकारी निविदा मी अनेक वर्षं भरतो. गेल्या वर्षी एका कार्यालयाकडून एका ओळीचा ई-मेल आला, 'आपली निविदा तांत्रिक छाननीत अपात्र ठरली आहे.' का, ते लिहिलेलं नव्हतं. फोन केला तर "कमिटीचा निर्णय आहे" एवढंच ऐकायला मिळालं. आणखी दोन ठिकाणी तसंच झालं. काम आधीच कुणाला तरी द्यायचं ठरलं असणार, असं मी धरून चाललो. शेवटी तिसऱ्या कार्यालयातल्या लिपिकाने कारण सांगितलं: सीएने दिलेल्या उलाढालीच्या दाखल्यावर यूडीआयएन, म्हणजे त्या दाखल्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, नव्हता. २०१९ पासून सीएंना अशा दाखल्यावर हा क्रमांक घालावाच लागतो. पहिल्याच ई-मेलमध्ये हे असतं, तर पुढच्या दोन्ही निविदांना नवा दाखला जोडता आला असता.

तो ई-मेल असा लिहिता येतो: 'सहा निविदा आल्या, चार तांत्रिक छाननीत पात्र ठरल्या. काम अमुक पुरवठादाराला इतक्या रकमेला देण्याचे ठरले आहे. आपल्या उलाढालीच्या दाखल्यावर यूडीआयएन नसल्याने अट क्रमांक ७ पूर्ण झाली नाही, त्यामुळे आपली निविदा निवडली गेली नाही. याविषयी चर्चा हवी असल्यास तीन दिवसांत कळवावे. बयाणा रक्कम अमुक तारखेपर्यंत परत मिळेल.'

यात 'दुर्दैवाने' नको, कारण निर्णय नशिबाने नव्हे, अटींवर झालेला असतो. 'आपली निविदा उत्तम होती' असंही नको. उत्तम होती तर नाकारली का, असा वाद तिथूनच सुरू होतो. 'अपात्र' हा एकटा शब्द तर माणसालाच नालायक ठरवल्यासारखा लागतो. कोणती अट राहिली ते लिहिलं, की बोलणं माणसावरून कागदावर येतं.

जागतिक बँकेच्या खरेदी नियमांत याची रीतच आहे. जिथे करारापूर्वी थांबण्याचा काळ लागू असतो, तिथे काम न मिळालेल्यांनाही निर्णय कळवतात आणि निदान दहा कामकाजाचे दिवस करार करत नाहीत. कळवल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कुणी खुलासा मागितला, तर साधारणपणे पुढच्या पाच कामकाजाच्या दिवसांत तो द्यावा लागतो. त्या खुलाशात आपल्याच निविदेबद्दल बोलणं होतं. दुसऱ्याच्या दरांचं पृथक्करण दाखवत नाहीत आणि निर्णयही तिथे बदलत नाही. त्यासाठी तक्रारीचा मार्ग वेगळा आहे. मला तरी तेवढं पुरेसं झालं असतं.

केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतही, निविदा नाकारल्यास निविदाकाराला प्रश्न विचारता यावा अशी तरतूद निविदा कागदपत्रांत ठेवायला सांगितलं आहे. आमच्या महापालिका आणि जिल्हा परिषदांनी वरच्यासारखा एक मसुदा ठरवून सर्व निविदाकारांना एकाच दिवशी, कार्यादेश निघण्याआधी पाठवावा, ही विनंती.

आपला,
शालेय साहित्याचा एक पुरवठादार, सांगली