‘फिट’ आणि ‘अनफिट’च्या मधल्या कामगाराचं काय? कामगारमंत्र्यांना खुलं पत्र

मा. कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य.

महोदय,

मी पुनर्वसनतज्ज्ञ आहे. माझ्याकडे येणारे बरेचसे रुग्ण एमआयडीसीतले कामगार असतात. त्यांच्यापैकी एकाच्या मालकाला मी अलीकडे एक पत्र पाठवलं. ते निरुपयोगी ठरलं. त्याचं कारण आपल्या अखत्यारीतलं आहे, म्हणून हे आपल्याला जाहीरपणे लिहीत आहे. रुग्णाची संमती घेतली आहे. त्याचं आणि कंपनीचं नाव लिहीत नाही.

हा रुग्ण चाळिशीचा असून पॅकिंग खात्यात काम करतो. माळ्यावरचं खोकं उतरवताना शिडीवरून पडला आणि कमरेचा पहिला मणका पुढच्या बाजूने चेपला. मज्जारज्जूला धक्का लागला नव्हता, पायांत ताकद होती, त्यामुळे ऑपरेशन लागलं नाही. बारा आठवडे ताठ पट्टा बांधून हाड जुळलं. नंतरच्या एक्स-रेत मणका आणखी चेपलेला किंवा पुढे झुकलेला दिसला नाही.

हाड जुळलं म्हणजे पाठ तयार झाली, असं मात्र नाही. त्या बारा आठवड्यांत पाठीच्या स्नायूंचं काम पट्ट्याने केलं, त्यामुळे ते स्नायू आता दुबळे झाले आहेत. एरवी हेच स्नायू मणक्यापासून जेमतेम पाच सेंटिमीटर मागून शरीराला ओढून धरतात. दहा किलोचं खोकं मणक्यापासून पन्नास सेंटिमीटर पुढे धरलं, तर अंतर दहापट होतं आणि तेवढ्याच खोक्यासाठी स्नायूंना सुमारे शंभर किलोचा जोर लावावा लागतो. तो सगळा दाब शेवटी मणक्यावर येतो. वाकलेल्या धडाचं वजन त्याहून वेगळं. तेच खोकं पोटाशी, वीस सेंटिमीटरवर धरलं तर चाळीस किलोत भागतं. म्हणून किती किलो उचलायचे, एवढंच लिहून पुरत नाही. कुठून आणि कसे उचलायचे, तेही लिहावं लागतं.

माझ्या पत्राचा गाभा असा होता: “यांना कामावर येण्यास हरकत नाही. पहिले दोन आठवडे रोज चार तास, पुढचे दोन आठवडे सहा तास, पाचव्या आठवड्यापासून पूर्ण पाळी. आठ आठवडे फक्त दिवसपाळी, ओव्हरटाइम नको. पहिले चार आठवडे पाच किलोपर्यंत आणि पुढचे चार आठवडे दहा किलोपर्यंतच वजन, तेही कमरेच्या उंचीवरून, शरीराजवळ धरून. जमिनीवरून काही उचलू नये. वाकलेल्या स्थितीत कंबर वळवू नये, शिडी चढू नये. सलग अर्ध्या तासापेक्षा जास्त बसू किंवा एकाच जागी उभं राहू नये. मध्ये दोन-तीन मिनिटं चालू द्यावं. आठ आठवड्यांनी पुन्हा तपासून हे निर्बंध कमी करू.” हे आकडे या रुग्णाच्या तपासणीवरून ठरवलेले आहेत, सर्वांना लागू पडतील असे नाहीत.

नुसतं ‘हलकं काम द्यावं’ असं लिहिण्यात काय धोका असतो, तेही सांगते. माझ्या दुसऱ्या एका रुग्णाला अशाच चिठ्ठीवर तपासणीच्या टेबलावर बसवलं. वजन शून्य, पण स्टुलाला पाठ नव्हती, टेबल बुटकं होतं आणि सुट्या भागांचे ट्रे जमिनीवर डाव्या हाताला ठेवलेले. म्हणजे आठ तास पोक काढून बसायचं आणि दर थोड्या वेळाने वाकून कंबर वळवायची. दुबळ्या पाठीला याहून वाईट काम शोधून सापडणार नाही. ट्रे रिकाम्या पॅलेटवर ठेवून कमरेपर्यंत आणले, टेबलाच्या पायांखाली लाकडी ठोकळे दिले आणि पाठ असलेली खुर्ची आणली, तर तेच काम करता आलं असतं.

रुग्णालाही मी एक खूण सांगून ठेवते. काम करताना दुखलं आणि रात्रीच्या झोपेनंतर सकाळी पाठ पूर्ववत झाली, तर चालेल. दुखणं सकाळीही राहिलं किंवा पायात उतरलं, तर एक पायरी मागे यायचं आणि मला भेटायचं. पाऊल उचलताना ताकद कमी पडली, बैठकीच्या जागी बधिरपणा आला, लघवी-संडासवरचा ताबा बिघडला, तर वाट न पाहता थेट इस्पितळ गाठायचं. सुपरवायझरलाही हे माहीत असावं, असं मी पत्रात लिहिलं होतं.

कंपनीच्या कार्यालयातून उत्तर आलं: पूर्ण फिट असल्याचा दाखला आणा, नाहीतर रजेवर राहा. मग मी खात्याच्या सुपरवायझरशी फोनवर बोलले. त्या भल्या माणसाने माझ्या अटींत बसणारं काम लगेच सांगितलं: लेबल तपासणं, डिस्पॅचची नोंद, छोट्या पाकिटांचं सीलिंग. “पण मॅडम, मी कामावर घेतलं आणि उद्या काही झालं तर जबाबदार कोण? माझ्या हातात कागद पाहिजे.” त्याचं म्हणणं मला खोटं वाटत नाही. असा कागद आपल्या व्यवस्थेत नाहीच. दाखला लिहिताना मला ‘कामास असमर्थ’ आणि ‘कामावर रुजू होण्यास योग्य’ एवढ्या दोनच जागा मिळतात.

मग रुग्ण हात जोडतो, “फिट लिहून द्या, बाकीचं मी बघतो.” तसं लिहिलं की तो पहिल्याच दिवशी पुन्हा शिडीवर चढणार, हे मला ठाऊक असतं. म्हणून मी नकार दिला आणि तो अजून घरीच आहे.

आणखी एक अडचण पैशांची आहे. राज्य कामगार विमा योजनेत कामावरच्या दुखापतीसाठी तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ मजुरीच्या ९० टक्के मिळतो. पण ज्या दिवशी कामगार काम करून मजुरी घेतो, त्या दिवसाचा लाभ मिळत नाही. म्हणजे चार तास कामावर गेला आणि तेवढ्याचीच मजुरी मिळाली, तर घरी बसल्यापेक्षा कमी पैसे हातात येतात. हळूहळू कामावर परतणं वैद्यकीयदृष्ट्या योग्य असूनही त्याच्या खिशाला परवडत नाही.

ब्रिटनमध्ये २०१० पासून डॉक्टरांच्या दाखल्यात ‘पुढील सल्ला पाळल्यास कामास योग्य असू शकतील’ असा तिसरा पर्याय आहे. त्याखाली टप्प्याटप्प्याने परतणं, कामाच्या वेळा बदलणं, कामाचं स्वरूप बदलणं आणि कामाच्या जागेत बदल करणं, अशा चार गोष्टींवर खूण करता येते. तो सल्ला मालकावर बंधनकारक नसतो, पण चर्चा कशावर करायची ते दोघांसमोर लेखी येतं.

माझ्या मागण्या दोन आहेत. राज्यातल्या कामगार विमा रुग्णालयांत आणि दवाखान्यांत दाखल्यासोबत ‘बदलांसह कामास योग्य’ असं एक जोडपत्र सुरू करावं. त्यात काय करता येईल, काय टाळायचं, कधीपर्यंत आणि फेरतपासणीची तारीख एवढंच असावं. आजाराचा तपशील मालकाला कळण्याची गरज नाही. आणि अर्ध्या पाळीच्या दिवसांत मजुरीतली तूट लाभातून भरून निघावी, यासाठी राज्याने केंद्राकडे लेखी प्रस्ताव पाठवावा. कायदा केंद्राचा आहे हे मी जाणते, पण जोडपत्राचा नमुना तयार करायला त्याची वाट पाहावी लागणार नाही. तो बसवून द्यायला माझ्यासारखे डॉक्टर विनामोबदला येतील. आपण बैठकीची तारीख कळवावी.

आपली,
एक पुनर्वसनतज्ज्ञ डॉक्टर