गिफ्ट कार्डाची शिल्लक नफा नाही

संपादक महोदय,

कालच्या अंकात 'न वापरलेली गिफ्ट कार्डं म्हणजे दुकानदाराचा निव्वळ नफा' असं छापलंय ते वाचून फार राग आला. मी बारा वर्षं सीएच्या ऑफिसात ऑडिटचं काम करतो, म्हणून लिहितोय.

दिवाळीत भाचीने मला २००० रुपयांचं कार्ड दिलं, मुदत एक वर्ष. १४६० ची चादर आणि टॉवेल घेतले, ५४० उरले. मे महिन्यात लग्नाच्या आहेरासाठी परत गेलो तर काउंटरवरचा मुलगा म्हणतो, काका, सिस्टीममध्ये शून्य दाखवतंय, ३१ मार्चला जुन्या शिलका बंद केल्या. पावती दाखवावी तर ती गुळगुळीत कागदाची, अक्षरं पार उडालेली. त्या पावत्यांचंही कुणीतरी बघा.

अहो, कार्ड विकलं म्हणजे विक्री झाली नाही, ते दुकानाने गिऱ्हाइकाला द्यायचं देणं. काही कार्डं कधीच येत नाहीत हे खरं, पण तो हिस्सा इंड एएस ११५ या हिशोबाच्या मानकाप्रमाणे लोक जसजसे कार्ड वापरतील त्या प्रमाणात उत्पन्नात घ्यायचा. समजा १० लाखांची कार्डं विकली आणि जुन्या अनुभवावरून १ लाख कधीच येणार नाहीत असं दिसतं, म्हणजे येणार ९ लाख. मार्चपर्यंत साडेचार लाख वापरले गेले, म्हणजे निम्मे, तर त्या १ लाखातलेही निम्मे, ५० हजारच घ्यायचे आणि ५ लाख देणं म्हणून ताळेबंदात ठेवायचं. या दुकानासारखं सगळं उरलेलं उचललं तर नफा ५ लाखांनी फुगतो!

आणि तो १ लाखाचा अंदाज कुठून आणायचा, तर ज्यांची मुदत संपलीये अशा दोन-तीन वर्षांपूर्वीच्या कार्डांवरून, कुठल्या महिन्यात विकलं आणि कधी वापरलं ते लावून. दिवाळीची कार्डं मार्चमध्ये पडून दिसतात म्हणून ती बुडीत धरणं ही नेहमीची चूक, कारण लोक ती लग्नसराईत काढतात. आम्ही एप्रिल ते जूनचा वापर काढून बघतो, मार्चला 'येणार नाही' म्हटलेलं परत आलं तर अंदाज चुकला हे लगेच कळतं. शिवाय सॉफ्टवेअरमधल्या एकेका कार्डाच्या शिलकेची बेरीज खातेवहीशी जुळवायचीच. माझं कार्ड शून्य केलं तसं केलं की मात्र दोन्हीकडे आकडा छान जुळतो, म्हणून आम्ही कोणी कधी शून्य केलं त्याची यादीही मागतो. खरेदीवर गिऱ्हाइकाला मिळणाऱ्या पॉइंटचंही असंच, विक्रीच्या दिवशीच बिलातला थोडा हिस्सा बाजूला काढायचा, किती लोक पॉइंट वापरतात त्या अंदाजाने.

मागच्या महिन्यातलं माझं पत्र तुम्ही अर्धं कापलंत, हे कापायचं असेल तर हिशोबाचा भाग तेवढा ठेवा. माझे ५४० अजून मिळालेले नाहीत, मी कार्ड जपून ठेवलंय आणि या आठवड्यात मालकाला भेटणार आहे.

एक वाचक, सोलापूर