पुरस्कार खरा आहे, म्हणून जाहिरात खरी? ग्राहक संरक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री महोदय,
ग्राहक संरक्षण विभाग, महाराष्ट्र शासन

सप्रेम नमस्कार.

परवा एका सरकारी कार्यालयात तक्रार घेऊन गेलो होतो. साहेबांनी कागद चाळले आणि म्हणाले, "पुरस्कार मिळालाय ना त्यांना? मग जाहिरात खोटी कशी? आणि हे आमच्याकडे नाही, दिल्लीला कळवा." मी हे पत्र त्या दोन वाक्यांमुळे लिहितो आहे.

मी मुलुंडमधल्या 28 घरांच्या सोसायटीचा सेक्रेटरी. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी तीन कोटेशन्स आली. आम्ही सर्वांत महागडे घेतले, कारण त्या कंपनीच्या पत्रकावर ट्रॉफीचा फोटो आणि 'सर्वोत्कृष्ट वॉटरप्रूफिंग कंपनी, राष्ट्रीय पुरस्कार' असे ठसठशीत छापले होते. 4 लाख 80 हजार मोजले. जूनच्या दुसऱ्याच सरीला वरच्या मजल्यावर पाणी आले. माझी आई 81 वर्षांची आहे. तिच्या पलंगावर छताचा पोपडा पडला तेव्हा ती झोपलेली होती. आता जिन्यात भेटणारा प्रत्येक जण मलाच विचारतो, "तुम्हीच आणलीत ना ही कंपनी?" त्यांना काय उत्तर देऊ?

पत्रकावर पुरस्कार कोणी दिला, कोणत्या वर्षी दिला, काहीच नव्हते. जाहिरातींच्या स्वनियमनासाठी असलेली अ‍ॅस्की ही संस्था आपल्या मुंबईतच आहे. पुरस्कार मिरवायचा तर देणाऱ्याचे नाव आणि तारीख सांगा, हा तिचा नियम आहे. तो इथे कोणी पाळला नव्हता. शेवटी मी ट्रॉफीचा फोटो मोबाइलवर मोठा करून चौथऱ्यावरची पट्टी वाचली, तेव्हा संस्थेचे नाव मिळाले. तिच्या संकेतस्थळावर 'सोहळ्याचे अकरावे वर्ष' असे लिहिले होते आणि तळाशी कंपनीचा सीआयएन होता. हा 21 अक्षरांचा नोंदणी क्रमांक. त्यातले नववे ते बारावे अक्षर म्हणजे स्थापनेचे वर्ष. तिथे 2021 होते. सोहळा आधी दुसऱ्या नावाने होत असेल, म्हणून फोन करून जुन्या वर्षांच्या विजेत्यांची यादी आणि परीक्षकांची नावे मागितली. दोन्ही मिळाली नाहीत.

मग मी जे केले ते सांगताना मला बरे वाटत नाही. वडिलांचे दादरला शिंपीकामाचे दुकान होते, ते 2006 मध्ये बंद झाले. त्या दुकानाच्या नावाने मी नामांकनाचा अर्ज भरला. ग्राहक किती, उलाढाल किती, तक्रारी किती, एकही प्रश्न नव्हता. नाव, क्षेत्र आणि मोबाइल नंबर, संपले. तिसऱ्या दिवशी फोन आला, "अभिनंदन सर, तुमची निवड झाली आहे." ट्रॉफी, प्रमाणपत्र, पाहुण्यांसोबत फोटो आणि दोघांचे जेवण, 65 हजार अधिक जीएसटी. वीस वर्षांपूर्वी कुलूप लागलेल्या दुकानाला, मंत्री महोदय! त्यांच्या फोटोंमध्ये मी शंभर-सव्वाशे विजेते मोजले. 120 धरले तर एका रात्रीचे 78 लाख होतात.

म्हणजे साहेब म्हणाले ते खरे आहे, पुरस्कार अस्तित्वात आहे. निव्वळ शुल्क घेतले म्हणून पुरस्कार बोगस ठरत नाही, हेही मला कळते. चांगल्या संस्थाही अर्जाचे पैसे घेतात, पण त्या काम तपासतात. इथे तपासायला कोणी आलेच नाही आणि नेमके तेच आमच्यापासून लपवले. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मधील कलम 2(28) वाचा. महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर दडवणारी जाहिरातही दिशाभूल करणारीच ठरते. कलम 17 प्रमाणे अशी तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडेही देता येते आणि कलम 21 खाली 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. मी पेन्शनर माणूस, हे वाचून काढू शकतो. मग खुर्चीवर बसलेल्यांना का माहीत नाही?

माझी मागणी एवढीच आहे. तक्रार परत पाठवू नये, असे लेखी आदेश प्रत्येक जिल्हाधिकारी कार्यालयाला द्या. आणि 1 ऑगस्ट 2023 पासून महारेराने बिल्डरांच्या जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा केला, तसाच पुरस्काराच्या दाव्यालाही लावा. स्कॅन केल्यावर देणारा कोण, निकष काय, विजेत्याने किती पैसे भरले, हे दिसू द्या. बिल्डरला जमते, तर यांना का नाही? का आम्ही सामान्य माणसांनीच रात्री जागून ट्रॉफीवरची अक्षरे वाचत बसायचे? टॅक्स आम्ही भरायचा, तपासही आम्हीच करायचा आणि छत कोसळले तर तेही आमच्याच डोक्यावर! मग हे सगळे विभाग कोणासाठी आहेत?

पत्रक, फोटो, नामांकनाचा अर्ज आणि त्यांनी मला पाठवलेले 65 हजारांचे बिल सोबत जोडले आहे. आई सध्या बाहेरच्या खोलीत झोपते. आतल्या खोलीत अजून दोन बादल्या ठेवलेल्या आहेत.

आपला,
एका गळक्या इमारतीचा सेक्रेटरी, मुलुंड, मुंबई